विधी वाचायचा, की तो रंगला का ते बघायचं?

धर्माच्या मानवशास्त्रात पीएचडी करणाऱ्या बऱ्याच जणांच्या थिअरी चॅप्टरमध्ये दोन मोठ्या मानवशास्त्रज्ञांची नावं घेणारं एक वाक्य हमखास सापडतं. "गीर्ट्झ विधीला टेक्स्ट मानतो, टर्नर विधीला परफॉर्मन्स मानतो, प्रस्तुत अभ्यासात दोन्हींचा समन्वय साधला आहे." माझ्याही चॅप्टरमध्ये होतं. गाईडने त्याच्या बाजूला पेन्सिलीने एवढंच लिहून परत पाठवलं: म्हणजे फिल्डवर जाऊन नक्की काय करणार? तेव्हा राग आला होता, पण प्रश्न बरोबर होता. हा वाद मला तोपर्यंत शब्दांचा वाटत होता, आणि खरं तर तो वहीत काय टिपायचं याचा वाद आहे.

मराठीत आपल्याला एक सोय आहे. नाटकवाले संहिता आणि प्रयोग असे दोन शब्द रोज वापरतात. संहिता कपाटात पडून असली तरी ती असतेच, आज वाचा, वीस वर्षांनी वाचा. प्रयोगाचं तसं नाही, तो फक्त होत असताना असतो, आणि तीच संहिता, तेच नट असून कालचा प्रयोग रंगतो आणि आजचा पडतो. विधीला टेक्स्ट मानणारा माणूस विधीची संहिता शोधतो, म्हणजे हे सगळं काय सांगतंय असं विचारतो. परफॉर्मन्सवाला विचारतो की हे करताना त्या लोकांमध्ये काय घडलं, आणि घडलं नसतं तर ते कशावरून कळलं असतं.

आधी टेक्स्टवाल्यांचं नीट ऐकू, कारण त्यांना हल्ली फार पटकन मोडीत काढतात. टेक्स्ट म्हणजे पोथी नव्हे, मंत्र लिहिलेत म्हणून टेक्स्ट असंही नव्हे. पॉल रिकर नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९७१ साली मुद्दा मांडला तो साधारण असा: आजोबांनी लिहिलेलं पत्र आज आजोबा नसतानाही आपण वाचतो, त्यांच्या मनात नसलेला अर्थही त्यातून काढतो, आणि ते ज्याला लिहिलं होतं तो सोडून तिसराच माणूसही ते वाचू शकतो. तसंच माणसाची कृतीसुद्धा ती करणाऱ्यापासून आणि त्या क्षणापासून सुटी होते आणि वाचण्याजोगी बनते. क्लिफर्ड गीर्ट्झने १९७२ च्या बालीतल्या कोंबड्यांच्या झुंजीवरच्या लेखात हेच करून दाखवलं. (झुंज हा काटेकोर अर्थाने विधी नाही, तरी वाद तिथूनच पेटला म्हणून सगळे तेच उदाहरण घेतात.) त्याचं म्हणणं असं की बरोबरीच्या वजनाची माणसं मोठ्या पैजा लावून कोंबडे झुंजवतात तेव्हा खरा डाव पैशाचा नसून प्रतिष्ठेचा असतो, आणि तरीही झुंज संपल्यावर गावात कुणाची प्रतिष्ठा कायमची चढत नाही की उतरत नाही. मग लोक हे करतात कशाला? तर स्वतःच्या समाजाबद्दलची एक गोष्ट स्वतःलाच सांगायला. इथे लक्षात ठेवायचं ते हे की गीर्ट्झच्या मांडणीत झुंजीने काही *बदलत* नाही, ती काहीतरी *म्हणते*. टेक्स्टवाल्या भूमिकेचा कणा हाच आहे आणि तिची अडचणही हीच आहे.

अडचण कशी ते बघायला मला गीर्ट्झपेक्षा व्हिक्टर टर्नरचं दुधाच्या झाडाचं उदाहरण जास्त कामाचं वाटतं, आणि गंमत म्हणजे ते टर्नरच्या परफॉर्मन्सवाल्या काळातलं नाहीच, तो अजून प्रतीकंच वाचत होता तेव्हाचं आहे.

टर्नर १९५० ते १९५४ या काळात आजच्या झांबियाच्या वायव्य भागातल्या न्डेम्बू लोकांत राहिला. तिथे मुलगी वयात येते तेव्हा न्कांगा नावाचा विधी होतो. मुडी नावाचं एक झाड आहे, त्याची साल खरवडली की पांढरा चीक येतो. त्या झाडाच्या कोवळ्या रोपाशी मुलीला चादरीत गुंडाळून झोपवतात आणि तिने दिवसभर अजिबात हलायचं नाही, बायका भोवती नाचत राहतात. टर्नरने बायकांना विचारलं, हे झाड म्हणजे काय? उत्तरं छान सुसंगत आली. चीक म्हणजे आईचं दूध, झाड म्हणजे आई आणि लेक, त्याहून पुढे जाऊन आईकडून चालणारा वंश (न्डेम्बूंमध्ये वंश आईकडून धरतात), आणि शेवटी सगळा न्डेम्बू समाज. एका शिकलेल्या माणसाने तर झाडाची तुलना थेट झेंड्याशी केली. म्हणजे संहिता मिळाली: दूध, माया, एकी. बहुतेक जण इथेच चॅप्टर संपवतील.

आता त्या झाडाखाली दिवसभर काय चालतं ते बघा. मुलीच्या आईला नाचणाऱ्या बायकांच्या रिंगणात येऊ देत नाहीत. जे झाड आई आणि लेकीचं नातं "दाखवतं", त्याच झाडाखाली आई लेकीपासून तोडली जाते. सकाळभर बायका पुरुषांना टोमणे मारणारी गाणी म्हणतात. मग जेवण, आईने केलेला कसावा आणि घेवडा, आणि बायका एकत्र न बसता आपापल्या गावाचे गट करून जेवतात. जेवायच्या आधी सगळ्या झाडाभोवती फेरी मारतात, शेवटी आई असते, तिच्या हातात कसाव्या-घेवड्याने भरलेला मोठा चमचा उंच धरलेला असतो, ती ओरडते की हा कुणाला हवा, आणि बायका तो हिसकायला धावतात. तिथल्या कुणीतरी सांगितलं की चमचा मुलीच्याच गावच्या बाईने पटकावला तर बरं, नाहीतर आईला वाटतं की आपली लेक लांब कुठेतरी जाईल आणि तिकडेच मरेल. आणि ही भीती उगाच नाही, कारण वंश आईचा असला तरी लग्नानंतर मुलगी नवऱ्याच्या गावी जाते, त्यामुळे तिच्यावर हक्क कुणाचा हा न्डेम्बू गावांमधला रोजचा झगडा आहे.

म्हणजे झाडाबद्दल *बोलताना* सगळी एकी, झाडाशी *वागताना* आई विरुद्ध मुलगी, बायका विरुद्ध पुरुष, एक गाव विरुद्ध दुसरं गाव. आणि हे भांडण झाडाच्या अर्थात येतं असं एकाही न्डेम्बूने टर्नरला सांगितलं नाही. यावरून टर्नरने अर्थाचे तीन थर वेगळे केले: लोक प्रतीकाचा काय अर्थ सांगतात, लोक त्या प्रतीकाचं काय करतात, आणि ते प्रतीक बाकीच्या प्रतीकांच्या रांगेत कुठे बसतं. माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली पहिल्या दोन थरांमधल्या फटीत आहे. पहिला थर मुलाखतीत मिळतो. दुसऱ्यासाठी तिथे दिवसभर उभं राहून कोण रिंगणात आहे, कोण बाहेर, चमचा कुणी हिसकला हे टिपावं लागतं. टर्नर या दुसऱ्या थरापासून पुढे पुढे सरकत गेला आणि शेवटी रिचर्ड शेकनर या नाटकवाल्या माणसाबरोबर काम करण्यापर्यंत पोचला, त्यामुळे "टर्नर म्हणजे परफॉर्मन्स" हे अर्धंच खरं आहे, कोणत्या सालचा टर्नर ते सांगावं लागतं.

आता परफॉर्मन्स. इथे मुलांचा सगळ्यात मोठा घोळ होतो, कारण या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी भरल्यात. मराठी क्रियापदं वापरली की त्या लगेच सुट्या होतात. आपण म्हणतो लग्न *पार पडलं*. आणि आपण म्हणतो गोंधळ *रंगला*. सत्यनारायण पार पडतो, तो रंगला असं सहसा कुणी म्हणत नाही. जागरण मात्र पार पडूनही न रंगता राहू शकतं.

पार पडणं हा जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाचा मुद्दा. काही वाक्यं काही सांगत नाहीत, ती काम करतात, जसं "मी राजीनामा देतो". ती खरी की खोटी हे विचारण्यात अर्थ नसतो, ती लागू झाली की नाही एवढंच विचारता येतं, आणि लागू व्हायला योग्य माणूस, योग्य जागा, योग्य क्रम लागतो. याचं एकदम टोकदार उदाहरण महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात आहे. पहिली बायको असताना एकाने १९६२ मध्ये दुसरं लग्न केलं, गांधर्व पद्धतीने. टिळा लावला, हार घातले, कपाळाला कपाळ लावलं, चार माणसं हजर होती. पहिलं लग्न असताना दुसरं केल्याच्या गुन्ह्याखाली, म्हणजे दंडविधानाच्या कलम ४९४ खाली, शिक्षा झाली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९६५ मध्ये कोर्टाने शिक्षा रद्द केली, कारण होम आणि सप्तपदी झाल्याचा पुरावा नव्हता, आणि ती न करताही लग्न लागण्याची त्यांच्यात रूढी आहे हेही सिद्ध झालं नव्हतं. म्हणजे कायद्याच्या नजरेत दुसरं लग्न *लागलंच* नाही, मग दोन लग्नांचा गुन्हा कुठला! निकाल बाईच्या दृष्टीने भयंकर आहे, पण थिअरीसाठी बघा: हारांचा अर्थ काय, टिळा कशाचं प्रतीक, हे कोर्टाने विचारलं नाही. त्या कृतीने लग्न घडतं का, एवढंच विचारलं. उलट बाजूने, सप्तपदी झाली असेल तर मंडपात लाईट गेली, भटजी घाईत होते, नवरी रडत नव्हती, कशानेही काही बिघडत नाही.

रंगणं ही वेगळी भानगड आहे. इथे नियम पाळून भागत नाही, समोरच्यांनी साथ द्यावी लागते. स्टॅन्ली तंबैया या श्रीलंकेत जन्मलेल्या मानवशास्त्रज्ञाने १९७९ च्या एका गाजलेल्या व्याख्यानात या दोन्ही गोष्टी एकाखाली एक ठेवल्या आणि तिसरीही जोडली, ती म्हणजे विधी करताना कोण कुठे बसलं, कुणी किती खर्च केला यातून माणसांची पत तिथल्या तिथे ठरत जाते. तंबैया वाचताना त्याचे हे तीन अर्थ मिसळू द्यायचे नाहीत, एवढी काळजी घेतली तरी पुरे.

रंगण्याबद्दल सगळ्यात खोल गेला तो मानवशास्त्रज्ञ एडवर्ड शिफेलिन. पापुआ न्यू गिनीतल्या बोसावी भागातल्या कालुली लोकांत गिसारो नावाचा रात्रभर चालणारा सोहळा व्हायचा. पाहुण्या गावचे लोक यजमानांच्या लांबलचक घरात येतात, सजलेले नर्तक मशालींच्या उजेडात नाचत गातात. गाण्यात गोष्ट वगैरे काही नसते, नुसती ठिकाणांची नावं, अमका ओढा, तमकी टेकडी, जुनी बाग, पण सगळी यजमानांच्याच जमिनीतली. ऐकणाऱ्यातल्या एखाद्याला आठवतं, त्या ओढ्यापाशी माझा भाऊ राहायचा आणि तो आता नाही. तो हंबरडा फोडतो, आणि रागाने उठून मशाल हिसकून नर्तकाच्या खांद्यावर चुरडतो. नर्तक भाजून निघतो पण नाचायचा थांबत नाही. पहाटे पाहुणे रडवलेल्या लोकांना भरपाई देतात आणि निघतात.

याचं "वाचन" करायला गेलात तर हाताला फारसं लागत नाही, कारण ओढ्याचं नाव कशाचंच प्रतीक नाही, ते ओढ्याचंच नाव आहे. पण ते *या* घरात, *या* माणसासमोर, रात्री या वेळी उच्चारलं गेलं म्हणून चटका बसला. कुणीच रडलं नाही तर गिसारो पडला, नर्तकाने सगळे शब्द बरोबर म्हटले असले तरी. शिफेलिनने पुढे १९८५ च्या लेखात ज्यांच्या अंगात आत्मे येतात अशा कालुली माध्यमांच्या बैठकांवरून हेच सांगितलं की प्रतीकं काम करतात ती अर्थ कळवतात म्हणून कमी आणि लोक त्यात गुंततात म्हणून जास्त, आणि तिथे जे खरं ठरतं ते माध्यम आणि जमलेले लोक मिळून उभं करतात. मग १९९६ मध्ये त्याने अशीच एक फसलेली बैठक घेऊन सबंध लेख लिहिला. मला यातून साधी कसोटी मिळाली: तुमच्या चॅप्टरमधला विधी *फसू* शकतो का? संहिता चुकीची वाचली जाऊ शकते, पण ती फसत नाही.

आता माझ्या वहीतलं. नात्यातल्या एका लग्नानंतर खंडोबाचं जागरण होतं, दारात मांडव, चौकावर घट, पाच धाटं उभी करून वर बांधलेली, दिवटी, भंडारा. वाघ्या-मुरळीने गण म्हटला, देवांना एकेक करून जागराला बोलावलं, मग कथा, आणि उत्तररात्री लंगर तोडायची वेळ आली. लंगर म्हणजे लोखंडी साखळी, वाघ्या ती हिसका देऊन तोडतो. आधी दुपारीच मी वाघ्याला अर्थ विचारून ठेवला होता. तो म्हणाला, लंगर म्हणजे संकट, देवाच्या नावाने तुटतं. चुलत्यांना विचारलं तर म्हणाले नवसाचं बंधन सुटतं. झालं, दोन ओळींत संहिता हातात, आणि माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये एवढंच गेलं.

घडलं असं की पहिल्या हिसक्याला लंगर तुटला नाही. दुसऱ्यालाही नाही. मंडपात एक विचित्र शांतता पसरली, नवरीकडची दोन माणसं एकमेकांकडे बघायला लागली, आणि मागून आत्या हळूच म्हणाली, "काहीतरी राहिलंय." वाघ्या क्षणभर थांबला, मग त्याने नवरदेवाच्या आईला पुढे बोलावलं, विचारलं की कुळातलं कुणाचं काही बोललेलं राहिलंय का. तिने सांगितलं, सासूबाईंनी जेजुरीला जायचं कबूल केलं होतं, त्या वारल्या आणि ते तसंच राहिलं. वाघ्याने तिच्याकडून तिथेच भंडारा उधळून घेतला, सगळ्यांकडून तीनदा येळकोट म्हणून घेतला, तुणतुण्याची लय वाढवली आणि तिसऱ्या हिसक्याला लंगर तुटला. त्यानंतरचा तासभर जागरण असं काही रंगलं की आधी पेंगणारी पोरंसुद्धा उठून बसली.

आता बघा, "लंगर म्हणजे संकट" हा अर्थ तीनही हिसक्यांना तोच होता. पण पहिल्या दोन हिसक्यांच्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एका गेलेल्या बाईचं राहिलेलं वचन चारचौघांत आलं, सुनेने ते स्वतःवर घेतलं, नव्या सोयऱ्यांसमोर घेतलं. यातलं काही संहितेत नव्हतं. आणि तरी संहिता नसती तर हे घडलंही नसतं, कारण लंगर म्हणजे काहीतरी अडकलेलं हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं म्हणूनच न तुटल्यावर लोक घाबरले. नुसती साखळी न तुटल्याने कोण कशाला घाबरेल? समन्वय म्हणायचंच असेल तर तो असा दाखवावा लागतो, कुठल्या क्षणी संहिता प्रयोगाच्या हाताला आली ते बोट ठेवून. वाघ्याने मुद्दाम दोन हिसके वाया घालवले का, अशी शंका मित्राने घेतली. असेलही. पण कसबी माणसाने प्रयोग सावरला म्हणून तो खोटा होतो ही आपल्या नाटकाच्या थिएटरातून आलेली समजूत आहे, जिथे स्टेजवरचं खोटं आणि बाहेरचं खरं असं आधीच ठरलेलं असतं. शिफेलिनचा इशारा नेमका हाच होता.

परफॉर्मन्सवाल्यांची दुखरी जागा दुसरीकडे आहे. विधींच्या अभ्यासक कॅथरीन बेल यांनी १९९२ मध्ये दाखवलं की विधीला प्रयोग म्हटलं की अभ्यासक आपोआप प्रेक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसतो, आणि मग जे त्याला दिसतं, ऐकू येतं, तेवढंच महत्त्वाचं ठरतं. माझंही तेच झालं असतं. माझी आजी पहाटे पाचला एकटी देवपूजा करायची, दार लोटून, तोंडातल्या तोंडात पुटपुटत. समोर कुणी नाही, रंगायचा प्रश्नच नाही. पण एखाद्या दिवशी मध्येच उठावं लागलं तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, म्हणजे पार पडण्याचा हिशोब तिथेही पक्का होता. तिला कधी विचारलं की पाच वेळाच ताम्हनात पाणी का सोडतेस, तर म्हणायची, "सोडतात." तिच्या पूजेला रंगण्याची थिअरी लावायला गेलो तर हाती काही लागत नाही आणि अर्थाची लावली तर एक शब्द मिळतो.

म्हणून आता चॅप्टर तपासताना मी क्रियापदांवर पेन्सिल फिरवतो. "दर्शवतो, सूचित करतो, प्रतीक आहे" हीच ओळीने येत असतील तर मी वाचतोय, आणि मग मला सांगावं लागेल की हा अर्थ कुणाचा, वाघ्याचा, चुलत्यांचा की माझा. गीर्ट्झवर व्हिन्सेंट क्रापांझानो या मानवशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये हाच आरोप केला होता की त्याच्या लेखात बाली लोक सरसकट येतात, त्यांच्यातला एक माणूस असा समोर येत नाही. "घडतं, ठरतं, बदलतं" ओळीने येत असेल तर मग पुरावा द्यावा लागेल की विधीच्या आधी काय होतं आणि नंतर काय वेगळं झालं. जागरणाच्या बाबतीत माझ्याकडे तो अर्धाच आहे. नवरदेवाची आई जेजुरीला जाऊन आली का, हे मला पुढच्या खेपेला विचारायचंय.